वर्तनात बदल नाही

आमोदने कोडमधला बदल मंजुरीसाठी पाठवला होता, आणि त्या पुल रिक्वेस्टच्या वर्णनात एकच ओळ होती: ‘फक्त रिफॅक्टर. वर्तनात बदल नाही.’ असली ओळ दिसली की माझं डोकं उठतं. बदल नाही हे ठरवणारा तू कोण, ते ठरवायला कंपनीने मला ठेवलंय, असं तोंडावर येतं आणि मी ते बहुतेक वेळा बोलूनही टाकते. म्हणून ऑफिसातली निम्मी पोरं आपलं काम तपासायला माझ्याकडे येऊ नये अशी प्रार्थना करतात.

रिफॅक्टर म्हणजे कोडची आवराआवर. स्वयंपाकघरातले डबे एका फळीवरून दुसऱ्या फळीवर लावायचे, पण डब्यातली डाळ तेवढीच आणि तीच राहिली पाहिजे. प्रोग्राम आधी जे उत्तर देत होता तेच नंतरही द्यायला हवं, अगदी चुकीचं उत्तर देत असेल तर तेही तसंच. चूक सुधारायची तर ती वेगळी मांडायची, वेगळं नाव देऊन. हा नियम आमच्याकडे मीच घातला होता.

आमचं ऑफिस वारज्यात, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. बारा माणसं. सुरुवातीला आम्ही आरोग्य उपकेंद्रांसाठी रोजच्या रुग्णांचा तक्ता भरायचं अ‍ॅप करत होतो. मग शौनकने, म्हणजे आमच्या मालकाने, हाउसिंग सोसायट्यांच्या पाण्याचं काम आणलं. सोसायटीचा पाणीवाला रोज सकाळी टाकीचं पाणी नळीत घेतो, त्यात औषधाचे थेंब टाकतो, आणि पाणी किती पिवळं होतं त्यावरून क्लोरीन किती ते ठरवतो. तो आकडा तो मोबाइलवर टाइप करतो. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी भरला की मॅनेजरला आणि कमिटीच्या सगळ्यांना त्याच क्षणी अलर्ट जातो, आणि कोणीतरी पुरवठा बंद केल्याची नोंद करेपर्यंत दर पाच मिनिटांनी जात राहतो. टाइप केलेला मजकूर वेडावाकडा असतो. कोणी ‘०.३’ लिहितं, कोणी ‘0.3 आहे’, कोणी ‘पॉइंट तीन’. तो साफ करून त्यातून आकडा काढणारं फंक्शन आमच्याकडे तीन ठिकाणी होतं, कारण मी ते एका फॉर्मसाठी लिहून बाकी दोन्हींत सरळ चिकटवलं होतं. आमोदने तिन्हींचं एक केलं होतं. काम नीटस होतं, हे कबूल करते. पोरगा हुशार आहे, फक्त स्वतःवर फार खूश असतो.

कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास होत्या. टेस्ट हिरव्या म्हणजे आम्हाला जेवढं तपासायचं सुचलं होतं तेवढं तपासून झालं, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून मी माझ्या पद्धतीने गेले. लोकांनी टाइप केलेला मूळ मजकूर आमच्याकडे जसाच्या तसा एका टेबलात राहतो आणि साफ केलेला आकडा दुसऱ्या. मी पाण्याच्या फॉर्मचा चार वर्षांचा सगळा मूळ मजकूर घेतला, एक लाख बारा हजार नोंदी. त्या आधी जुन्या कोडमधून सोडल्या, मग आमोदच्या नव्या कोडमधून, आणि प्रत्येक नोंदीसाठी दोन गोष्टी ताडून पाहिल्या: आकडा तोच निघाला का, आणि अलर्ट तसाच गेला का.

नऊ फरक निघाले. नऊही ठिकाणी माणसाने शून्य लिहिलं होतं. आमोदने आकडा हातात आल्यावर ‘किंमत नसेल तर रिकामं समज’ अशी अट घातली होती, आणि पायथॉन या आमच्या प्रोग्रामिंग भाषेच्या लेखी शून्य हीसुद्धा नसलेली किंमतच. क्लोरीन शून्य म्हणजे सगळ्यात मोठा अलर्ट. नवं कोड त्याला ‘नोंदच नाही’ म्हणत होतं.

मी त्याला बोलावून स्क्रीन दाखवली. तो म्हणाला, मी टेस्ट बघितल्या होत्या. मी म्हटलं, टेस्टनी तुला बघितलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. पंधरा मिनिटांत त्याने अट दुरुस्त केली, शून्यासाठी एक नवी टेस्ट लिहिली आणि निमूट परत पाठवली. मी सगळं पुन्हा चालवलं. एक लाख बारा हजार नोंदी, फरक शून्य.

इथे मंजुरीचं बटण दाबून जेवायला गेले असते तरी चाललं असतं. पण शून्याचा तो घोळ नुकताच पाहिला होता, म्हणून दोन्ही कोडांनी एकमताने काय काय टाकून दिलं त्याची यादी काढली. रिकामे रकाने, नुसत्या रेघा, ‘सुट्टी’, ‘टाकी धुतली’, ‘नेट नाही’. आणि ‘निरंक’. एकोणीस वेळा. एकोणीसही एकाच माणसाच्या खात्यातून आलेले. शेवटचे तीन गेल्या वर्षीच्या ९, १० आणि ११ जुलैचे होते.

सरकारी रजिस्टर पाहिलेल्याला निरंक सांगावं लागत नाही. रकान्यात लिहायला काही नसलं की तो रकाना मोकळा सोडायचा नाही, निरंक लिहायचं. आरोग्य उपकेंद्रात जुलाबाच्या रुग्णांपुढे निरंक लिहिलेलं असलं तर आज एकही रुग्ण नाही, चांगली बातमी, तिची नोंद ठेवायची गरज नाही. म्हणून पहिल्या अ‍ॅपमध्ये मी एक ओळ लिहिली होती: निरंक असेल तर सोडून दे. मग ते फंक्शन पाण्याच्या फॉर्मला चिकटवलं. तिथे क्लोरीन निरंक म्हणजे पाण्यात क्लोरीन नाही. याहून वाईट बातमी त्या रकान्यात लिहिताच येत नाही, आणि तीच आम्ही चार वर्षं फेकून देत होतो. ती ओळ कोणी घातली हे कोडच्या इतिहासात दिसतं. तारीख होती, माझं नाव होतं आणि शेजारी मीच लिहिलेलं: ‘आधीचंच फंक्शन, काही बदल नाही.’

खातं हिंदुराव नावाच्या माणसाचं होतं. ते नाव मला माहीत होतं. गेल्या जुलैत वाघोलीतल्या सहाशे फ्लॅट्सच्या एका सोसायटीत पाण्यातून साथ पसरली. चौऱ्याऐंशी माणसं आजारी पडली आणि ओवी नावाची सात वर्षांची मुलगी गेली. टाकीत क्लोरीन सोडणारा पंप तीन दिवस बंद होता. पाणीवाला म्हणत होता, मी रोज नोंद केली. कमिटीने आमच्याकडे रेकॉर्ड मागितलं. ते मी काढलं, साफ केलेल्या आकड्यांच्या टेबलातून, दहा मिनिटांत. ९, १०, ११ जुलै: नोंद नाही. त्या एका कागदावर हिंदुरावांना कामावरून काढलं आणि पोलिसांत जबाब घेतला. तो माणूस अजून भरलं होतं असंच म्हणतोय, असं शौनकने तेव्हा मला सांगितलं होतं. मी म्हणाले होते, सगळे असंच म्हणतात.

मी खुर्चीत बसून राहिले. खाली मंगल कार्यालयात कोणाची तरी मुंज होती, माइकवरून पहिल्या पंगतीला या म्हणत होते. मला लाज वाटली, आणि लाजेच्याही आधी भीती वाटली, हे खरं सांगते. पहिला विचार आला तो हा, की हे अजून कोणी पाहिलेलं नाही.

शौनकला दाखवलं. त्याने दार लावून घेतलं आणि बराच वेळ डोकं धरून बसला. तो काही वाईट माणूस नाही. साथ आली तेव्हा तो स्वतः त्या सोसायटीत जाऊन आला होता आणि चार दिवस नीट जेवला नव्हता. पण दार उघडून बाहेर आला तेव्हा त्याचं ठरलं होतं. त्याने आमोदला सांगितलं, तुझी रिक्वेस्ट अजून मुख्य कोडमध्ये मर्ज झालेली नाही ना, मग त्यातच एक ओळ घाल. क्लोरीनच्या फॉर्ममध्ये निरंक म्हणजे शून्य. नाव तेच राहू दे.

नाव तेच का, हे मला लगेच कळलं. आमच्या करारात आहे की सॉफ्टवेअरचं वर्तन बदलणारी प्रत्येक गोष्ट ग्राहक सोसायट्यांना लिहून कळवायची. रिफॅक्टर त्या यादीत जात नाही, कारण त्यात बदललेलं काही नसतं. ओळ रिफॅक्टरच्या पोटात गेली की चूक सुधारली जाणार होती आणि ती कधी होती हे कोणाला कळणार नव्हतं. फक्त आकडे साफ करणारं हे कोड ज्या फोल्डरमध्ये आहे त्यातलं काहीही माझ्या मंजुरीशिवाय पुढे जात नाही.

आमोदने ओळ घातली. त्या बदलाच्या नोंदीला, म्हणजे कमिटला, त्याने नाव दिलं होतं, ‘किरकोळ स्वच्छता’. मी पुन्हा एक लाख बारा हजार नोंदी चालवल्या, खरं तर निकाल मला पाठ होता. एकोणीस फरक. मी रिक्वेस्ट परत पाठवली आणि खाली लिहिलं: ‘हे आता रिफॅक्टर नाही. एकोणीस नोंदींचा निकाल बदलतो, यादी जोडली आहे.’ तिथे लिहिलेलं पुसलं तरी पुसल्याची खूण राहते.

शौनक माझ्या टेबलाशी आला. आवाज चढवला नाही.

‘फिक्स बरोबर आहे की चूक?’

‘बरोबर आहे.’

‘मग मंजूर कर.’

‘वर लिहिलंय वर्तनात बदल नाही. ते खोटं आहे, आणि ते खरं आहे अशी सही तू माझ्याकडून मागतोयस.’

तो म्हणाला, केस चालू आहे. बारा माणसांची घरं या कंपनीवर चालतात. मुलगी परत येणार नाही. प्रत्येक वाक्य खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, मुलगी नाही येणार, पण हिंदुराव जिवंत आहेत. तो हळूच म्हणाला, ती ओळ तुझी आहे, विसरू नकोस. मी विसरले नव्हते.

तोडगा आमोदने काढला. कोणाला न विचारता त्याने ती ओळ आपल्या रिक्वेस्टमधून काढून टाकली आणि मला नुसतं ‘पुन्हा बघशील?’ असं पाठवलं. मी पुन्हा चालवलं. फरक शून्य. मी मंजूर केलं. जुनी चूक जशीच्या तशी, एकाही अक्षराचा फरक न पडता, नव्या कोडमध्ये गेली आणि त्याखाली मी लिहिलं, ‘वर्तनात बदल नाही, तपासलं.’ नियमाने ते बरोबर होतं.

अर्ध्या तासात मी माझी दुसरी रिक्वेस्ट टाकली. एक ओळ, एक टेस्ट. नाव दिलं: ‘क्लोरीनच्या रकान्यात निरंक म्हणजे शून्य, आजवर आपण ही नोंद टाकून देत होतो.’ खाली एकोणीस तारखा. आपली रिक्वेस्ट आपणच मंजूर करता येत नाही, ती आमोदने मंजूर केली. बदल त्याच दिवशी चालू झाला. सोसायट्यांना जे पत्र गेलं ते मात्र शौनकने लिहिलं: ‘काही शब्दरूपातील नोंदी आता अधिक अचूकपणे वाचल्या जातील.’ हिंदुरावांचं नाव त्यात नव्हतं, जुलैही नव्हता. मला काढलं नाही. जुनं कोड कळणारी तिथे मी एकटीच आहे, आणि मला काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं.

शनिवारी दुपारी मी मूळ टेबलातल्या त्या तीन नोंदींचा कागद घेऊन वाघोलीला गेले. सोसायट्यांच्या मागे जुनं गाव आहे, तिथे दोन खोल्यांचं घर. हिंदुराव साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, हात कोपरापर्यंत रापलेले. त्यांच्या बायकोने, मथुराबाईंनी, खुर्ची दिली आणि चहा टाकला. मी कोण ते सांगितलं. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं. नऊ जुलै, सकाळी सहा चाळीस, निरंक. दहा जुलै, सहा अडतीस, निरंक. अकरा जुलै, सहा एकेचाळीस, निरंक.

‘हे माजंच हाय,’ ते म्हणाले.

मी विचारलं, काका, आकडा का नाही लिहिला, शून्य का नाही लिहिलं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हे शिकलेल्या बाईला कसं ठाऊक नाही. एकोणतीस वर्षं ते ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्यावर होते. तिथे पहिल्याच आठवड्यात ग्रामसेवकाने शिकवलं होतं, की नुसतं शून्य कधी लिहायचं नाही, पुढे कोणीही आकडा घालतो आणि सही आपली असते. निरंक लिहिलं की त्यात कोणाला फेरफार करता येत नाही. एरवी पाण्यात थोडंफार क्लोरीन असायचंच, ते आकडा लिहायचे. अजिबात नसलं की निरंक. आधी सोळा वेळा तसं झालं तेव्हा पंप त्यांनी स्वतःच खटपट करून चालू केला होता. जुलैत पंपाची मोटारच जळली होती. पुरवठा बंद करायच्या व्हॉल्व्हच्या खोलीची किल्ली मॅनेजरकडे. त्यांनी मॅनेजरला फोन केला, तर तो म्हणाला अ‍ॅपमध्ये टाकलंय ना, मग येईल मला. ते त्याच्याकडे आलं नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं. मजकूर आमच्यापर्यंत पोचला होता, आमच्या प्रोग्रामने तो फेकला, आणि नोंद नाही हा कागद मी काढून दिला होता. ते कागद मांडीवर ठेवून त्यावर हात फिरवत राहिले.

‘म्या लई डाव म्हनलो, भरलंय म्हनून,’ ते म्हणाले. ‘मंग समद्यांनी कागद दाखवला. कम्प्युटर कशाला खोटं बोलंल? मलाच वाटाया लागलं, वय झालं, बटन दाबायचं ऱ्हायलं आसंल. हिला बी तसंच वाटलं.’

मथुराबाई खाली बघत होत्या.

‘दिवाळीत गेलो त्या पोरीच्या आईकडं,’ हिंदुराव म्हणाले. ‘पाय धरलं. म्हनलं, ताई, माज्या हातनं ऱ्हायलं, माजी चूक झाली. ती काय बोलली न्हाई. दार लावलं.’ त्यांनी कागदावर बोट ठेवलं. ‘न केलेल्याची माफी मागून आलो बगा म्या.’

मी हात जोडले. माफ करा म्हणायचं धाडस झालं नाही, तो शब्द त्या घरात आधीच वापरून झाला होता. त्यांनी विचारलं, ही प्रोग्रामातली ओळ कोणी लिहिली? मी म्हटलं, मी.

‘मंग तुमाला काढलं का कामावनं?’

‘नाही.’

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. चष्मा काढून पुसला, कागदाची घडी घातली आणि ती मला परत दिली. मी म्हटलं, ठेवा ना, तुमच्यासाठीच आणलाय. वकिलाला दाखवा, पोलिसांना द्या, माझं नाव सांगा, लागेल तिथे मी येऊन बोलेन. ते सगळं नंतर, असं हातानेच सांगून ते उठले आणि पायात चपला सरकवल्या.

‘चला,’ ते म्हणाले. ‘म्या सांगितलं तर त्या पोरीच्या आईला वाटंल, आता अंग झटकाया आला. तुमी सांगा.’

मला जायचं नव्हतं. कागद, तारखा, नोंदी, याच्यापलीकडे त्या बाईसमोर उभं राहावं लागेल हे मी मनातसुद्धा आणलं नव्हतं. म्हटलं, काका, आधी फोन करून विचारू या का, एकदम कसं जायचं. तोवर ते अंगणात जाऊन उभे राहिले होते. मी मागून निघाले.

सोसायटीच्या गेटवर वॉचमनने त्यांना अडवलं. या माणसाला आत सोडायचं नाही असं दिवाळीपासून वहीत लिहिलेलं होतं. मी सांगितलं, माझ्याबरोबर आहेत, आणि वहीत माझं नाव, नंबर आणि कंपनी लिहिली. येण्याचं कारण या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, तो रिकामा सोडला. बी विंग, चौथा मजला. फ्लॅट कोणता ते हिंदुरावांना ठाऊक होतं. दारावर मुलीच्या नावाची रंगीत पाटी अजून तशीच होती. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि भिंतीला टेकून बाजूला उभे राहिले.

बेल मी वाजवली.